दाराचा स्क्रू नुसताच फिरतो तेव्हा

पावसाळा आला की आपल्या ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीच्या घरांतली दारे कुरकुरू लागतात. एखादे दार खाली फरशीला घासते, एखादे चौकटीत अडकते, आणि एखादे वरून पुढे कललेले दिसते. आपण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळायला जातो, तर स्क्रू गोल गोल फिरतो, पण आवळला जात नाही. बाहेर ओढला तर बोटांनीच निघून हातात येतो. लाकडातले भोक मोठे झाले आहे, स्क्रूच्या आट्यांना धरायला आत काही उरलेले नाही. या महिन्यात आपण हे भोक फेविकॉल आणि लाकडी खुंटी वापरून पुन्हा घट्ट कसे करायचे, एवढेच पाहू.

स्क्रू लाकडात टिकतो तो त्याच्या आट्या लाकडाच्या तंतूंमध्ये रुतून बसतात म्हणून. तंतू एकदा कुसकरले गेले की त्याच भोकात तोच स्क्रू कितीही जोर लावून फिरवला तरी उपयोग नसतो. उलट प्रत्येक फेऱ्याला भोक थोडे आणखी मोठे होते. म्हणून स्क्रू फिरू लागला की हात थांबवावा. आता काम स्क्रूचे राहिले नाही, लाकडाचे झाले.

आधी कारण शोधा

भोक भरण्याआधी ते का बिघडले हे पाहिले नाही, तर नवी खुंटीही वर्षभरात सैल होते. बहुतेकांना वाटते की दार जड आहे म्हणून स्क्रू निघाले. थोडा हिशोब करून पाहू. आपल्या इमारतींमधले बेडरूमचे साधे फ्लश दार साधारण २० किलोचे धरू. रुंदी ७५ सेंटिमीटर, आणि वरच्या व खालच्या बिजागरीमधले अंतर १६५ सेंटिमीटर. दाराचे वजन त्याच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून साडेसदतीस सेंटिमीटरवर पडते. त्यामुळे वरच्या बिजागरीला चौकटीपासून बाहेर ओढणारा जोर होतो अवघा साडेचार किलोचा. लाकडात नीट बसलेल्या तीन-चार स्क्रूंना हा जोर काहीच नाही. तो वर्षानुवर्षे पेलता येतो.

आता २० किलोचे मूल दाराच्या मुठीला लोंबकळले असे समजा. वरच्या बिजागरीवर आणखी साडेआठ किलो ओढ आली, म्हणजे आधीच्या जवळजवळ तिप्पट. दारामागच्या खुंट्यांवर शाळेची दप्तरे, बुरखे, भिजलेले रेनकोट लटकत असतील तर तीही भर आहेच.

पण सगळ्यांत वाईट शत्रू वेगळाच असतो. बिजागरीच्या बाजूला, दार आणि चौकटीच्या फटीत चप्पल, पायपुसण्याची घडी किंवा लहान मुलाचे खेळणे अडकते, आणि आपण न पाहता मुठीकडून दार ढकलतो. अडकलेली वस्तू बिजागरीपासून ५ सेंटिमीटरवर आणि आपला हात ७० सेंटिमीटरवर असेल, तर आपण ५ किलोचा जोर लावला तरी बिजागऱ्यांवर ६०-६५ किलोची ओढ येते. हे पहारीने खिळा उपटण्यासारखेच आहे, फक्त पहार म्हणजे आपले दार. पावसात फुगलेले दार बिजागरीकडच्या कडेलाच चौकटीला टेकत असेल तर हेच रोज दहा-वीस वेळा होते. म्हणून दुरुस्तीच्या आधी दार सावकाश बंद करत पाहावे, ते कुठे टेकते. बिजागरीच्या बाजूला दार टेकत असेल, किंवा शेवटचे दोन बोटे अंतर स्प्रिंगसारखे परत येत असेल, तर कारण तेच आहे.

दार मुठीच्या बाजूला किंवा खाली घासत असेल तर मात्र घाईने रंधा मारू नये. वरची बिजागरी सैल झाल्यामुळेच ते कलले असते. स्क्रू घट्ट झाले की बऱ्याचदा घासणे आपोआप थांबते. जुलैत रंधा मारून सारखे केलेले दार हिवाळ्यात लाकूड सुकल्यावर इतके सैल होते की कडी बसत नाही.

लाकूड भरण्याजोगे आहे का?

स्क्रू बाहेर काढून नीट पाहावा. आट्यांमध्ये कोरडा, पिवळसर भुसा अडकला असेल तर लाकूड चांगले आहे, फक्त भोक झिजले आहे. आट्या गंजून काळ्या पडल्या असतील आणि भुसा ओलसर, काळपट निघत असेल तर भोकाच्या आजूबाजूला दाभण टोचून पाहावे. चांगल्या लाकडात दाभण एक-दोन मिलिमीटर जाऊन थांबते. लोण्यात गेल्यासारखे आत शिरले, किंवा आतून माती आणि पोकळ आवाज आला, तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवी लागली आहे. तिथे खुंटी बसवून काही होणार नाही. चौकटीचा तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागतो आणि ते मिस्त्रीचे काम आहे.

२६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीकाठच्या सखल वस्त्यांमध्ये दारे कित्येक तास पाण्यात उभी होती. असे कधीही पाण्यात राहिलेले फ्लश दार असेल तर त्याच्या खालच्या कडेचे थर सुटले आहेत का, तेही पाहावे. थर सुटलेल्या दाराला खालच्या बिजागरीजवळ खुंटी धरत नाही.

भोक चौकटीचे बिघडले आहे की दाराचे, हेही ठरवावे. बिजागरीची एक पट्टी चौकटीवर आणि दुसरी दाराच्या कडेवर असते. दार मुठीला धरून हलके वर उचलावे आणि बिजागरीकडे पाहावे. जी पट्टी लाकडापासून सुटून हलते, तिकडचे भोक गेले आहे.

काडेपेटीच्या काड्या आणि सुकी पाचर

आपल्याकडे यावर एक जुना तोडगा आहे. भोकात काडेपेटीच्या दोन-तीन काड्या किंवा झाडूची काडी घालायची आणि स्क्रू पुन्हा फिरवायचा. कपाटाच्या छोट्या दारासाठी किंवा पडद्याच्या हुकासाठी हे चालते, काड्यांना फेविकॉल लावला तर आणखी बरे. पण काड्या एका बाजूला सरकतात, स्क्रू तिरका जातो, आणि घराच्या मोठ्या दारावर हा तोडगा फार तर एक मोसम टिकतो.

दुसरी पद्धत घाईत असलेले मिस्त्री वापरतात. लाकडाच्या चिरोट्याची पाचर तासायची आणि हातोडीने भोकात ठोकायची. ती सुकीच ठोकलेली असते आणि निमुळती असते. त्यामुळे ती फक्त भोकाच्या तोंडाशी घट्ट बसते, आत पोकळीच राहते. स्क्रू पाचरीला धरतो, पण पाचरीला लाकडाने धरलेले नसते. पुढच्या वेळी दार ओढले की स्क्रू आणि पाचर दोन्ही बाहेर येतात. पाचर फार जोरात ठोकली तर चौकट उभी चिरते, हे आणखी नुकसान.

खुंटीची पद्धत याच्या उलट आहे. आपण बिघडलेले भोक तसेच ठेवत नाही. ते ड्रिलने मोठे आणि सरळ करतो, म्हणजे कुसकरलेले, तेलकट, जुन्या रंगाने माखलेले लाकूड निघून जाते आणि स्वच्छ लाकूड उघडे पडते. मग त्याच मापाची गोल खुंटी गोंदासह आत बसवतो. गोंद सुकल्यावर ती खुंटी चौकटीचाच भाग होते, आणि तिच्यात नवे बारीक भोक पाडून स्क्रू बसवतो.

सामान

हार्डवेअरच्या किंवा प्लायवुडच्या दुकानात लाकडी डॉवेल मागा. बोटाच्या पेराहून थोड्या मोठ्या, गोल, बाजूने उभ्या रेघा असलेल्या खुंट्या पाकिटात मिळतात. घराच्या दारासाठी १० मिलिमीटर जाड आणि ४० मिलिमीटर लांब खुंटी घ्यावी. त्या उभ्या रेघा शोभेसाठी नसतात. खुंटी आत जाताना कोंडलेली हवा आणि जास्तीचा गोंद त्यांतून बाहेर येतो. गुळगुळीत काठीच मिळाली तर सुरीने तिच्या अंगावर एक उभी खाच पाडून घ्यावी. ती नसेल तर खुंटी अर्ध्यावर अडते, आणि जोराने ठोकली तर कोंडलेला गोंद लाकूड चिरतो.

गोंद म्हणून लाकूडकामाचा पांढरा गोंद हवा. आपण त्याला सरसकट फेविकॉल म्हणतो, कारण १९५९ पासून तो बाजारात आहे आणि नावच वस्तूचे झाले. त्याआधी मिस्त्री लोक जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस उकळून, गरम असतानाच लावत. त्याला ओल लागली की तो पुन्हा मऊ पडे. आजचा साधा पांढरा गोंद आतल्या खोल्यांच्या दारांना पुरेसा आहे. न्हाणीघराच्या किंवा बाल्कनीच्या दारासाठी मात्र पाण्याला टिकणारा, 'मरीन' नावाने मिळणारा प्रकार घ्यावा. दोन थेंबांत चिकटणारा झटपट गोंद इथे वापरू नये. खुंटी पूर्ण आत जायच्या आतच तो धरतो, आणि सुकल्यावर कडक व ठिसूळ होतो. दाराच्या रोजच्या हादऱ्यांना तो टिकत नाही.

याशिवाय ड्रिल, १० मिलिमीटरचे लाकडाचे बिट, ३ मिलिमीटरचे बारीक बिट, हातोडी, हेक्सॉ पाते, पटाशी, आणि नवे स्क्रू लागतील. जुने गंजलेले स्क्रू परत वापरू नयेत. लाकडाच्या बिटाला मधोमध टोक असते आणि सिमेंटच्या बिटाला नसते, तेवढे दुकानात पाहून घ्यावे.

एक दार, पहिल्यापासून शेवटपर्यंत

कौशाच्या एका इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरचे घर डोळ्यांसमोर आणा. बेडरूममध्ये दादी झोपतात. रात्री उठताना त्या दाराची मूठ धरून उभ्या राहतात. वरच्या बिजागरीच्या चौकटीकडच्या चार स्क्रूंपैकी तीन नुसते फिरत आहेत, आणि दार वरून बोटभर पुढे आले आहे. अशा दारावर कोणी भार टाकला तर ते मधल्या बिजागरीवर पिळते, आणि मग एकापाठोपाठ एक स्क्रू सुटतात. म्हणून घरातल्या मोठ्या मुलाने पहिल्याच दिवशी दादींना सांगितले, "दादी, दोन दिवस दाराला हात लावू नका, तुमच्या पलंगाजवळ खुर्ची ठेवतो, तिला धरून उठा." दुरुस्तीची पहिली पायरी हीच होती.

चौकट सागाची, जुन्या पद्धतीची चार इंच बाय अडीच इंच. पण दार जिथे बसते तिथे चौकटीला अर्ध्या इंचाची खाच असते, आणि बिजागरी त्या खाचेतच असते. म्हणजे बिजागरीमागे लाकूड दोनच इंच, सुमारे ५० मिलिमीटर उरते. त्याच्या मागे सिमेंट आणि वीट. म्हणून खुंटीचे भोक ३२ मिलिमीटरहून खोल करायचे नाही असे ठरले. बिटाच्या टोकापासून ३२ मिलिमीटर मोजून तिथे चिकटपट्टीचा वेढा मारला. पट्टी लाकडाला टेकली की थांबायचे.

दार पूर्ण काढायची गरज पडली नाही. ते काटकोनाहून थोडे जास्त उघडले आणि मुठीकडच्या कोपऱ्याखाली जुन्या मासिकांची चळत आणि वर पातळ लाकडी पट्टी सारून दाराचे वजन तिच्यावर घेतले. दार मूळ जागी उचलले गेले की वरची पट्टी चौकटीच्या घरात आपोआप नीट बसते. ही खूण महत्त्वाची आहे. याच वेळी, पट्टी जागेवर असताना, तिच्या चारही छिद्रांचे मध्य टोकदार पेन्सिलने चौकटीवर उमटवून घेतले. खुंटीचा मध्य या खुणेवर आला नाही, तर पुढे स्क्रू खुंटीच्या कडेला लागतो आणि तिला भोकातून बाजूला रेटतो. या दुरुस्तीत सगळ्यांत जास्त बिघाड याच कारणाने होतो.

मग दुसऱ्याने दार धरून ठेवले आणि चौकटीकडचे चारही स्क्रू काढून पट्टी दाराकडे दुमडली. वरची बिजागरी सुटलेली असताना दार एकट्याने सांभाळायला जाऊ नये. तीनऐवजी दोनच बिजागऱ्या असतील, किंवा दोन बिजागऱ्यांची भोके गेली असतील, तर दार पूर्ण उतरवून भिंतीला आडवे टेकवावे. लहान मुले त्या खोलीत नसावीत.

आता ड्रिल. झिजलेल्या भोकात मोठे बिट थेट घातले तर त्याच्या टोकाला आधार मिळत नाही आणि ते एका बाजूला पळते. म्हणून आधी भोकात लाकडाची बारीक काडी घट्ट खोचून तोंडाशी कापली आणि पेन्सिलची खूण तिच्यावर पुन्हा केली. बिटाचे टोक त्या खुणेवर टेकवून, ड्रिल चौकटीला अगदी काटकोनात धरून, सावकाश भोक पाडले. चौथ्या स्क्रूचे भोक चांगले होते, तरी तेही याच पद्धतीने केले. तीन नवी आणि एक जुने असे ठेवले की पुढचा ताण त्या जुन्यावर येतो.

खुंटी आधी सुकीच लावून पाहिली. ती हाताने थोडी आत गेली आणि पुढे हातोडीच्या हलक्या ठोक्यांची गरज वाटली, हे माप बरोबर. आपोआप आत सरकली तर माप सैल आहे. गोंद फट भरतो, पण भरलेल्या फटीत त्याला जोर नसतो. अशा वेळी खुंटीच बदलावी.

भोकातला भुसा फुंकून काढला. हे काम वगळू नये, कारण गोंद भुशाला चिकटला तर खुंटी लाकडाला नव्हे, भुशाला धरते. झाडूच्या काडीने भोकाच्या आतल्या भिंतींना सगळीकडून गोंद लावला आणि खुंटीलाही पातळ थर दिला. भोकात गोंद ओतून भरायचा नाही. मग खुंटी हलक्या ठोक्यांनी तळापर्यंत बसवली. तळाला लागली की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव होतो. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला. ४० मिलिमीटरच्या खुंटीचा सात-आठ मिलिमीटर भाग बाहेर राहिला, तो तसाच ठेवला.

वाट पाहणे

बाटलीवर काहीही लिहिलेले असो, बिजागरीच्या कामात चोवीस तास थांबावे. भोकाच्या आतला गोंद उघड्यावरच्या गोंदासारखा सुकत नाही. त्यातले पाणी चारी बाजूंच्या लाकडाने शोषून घ्यावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या खाडीकाठच्या हवेत चौकटीचे लाकूड आधीच ओलसर असते, त्याला हे पाणी शोषायला वेळ लागतो. म्हणून भर पावसात दोन दिवस द्यावेत. बाहेर पुसायचा राहिलेला गोंदाचा एखादा ओघळ पाहावा. तो पांढरा आणि नखाने दबणारा असेल तर अजून वेळ आहे, पारदर्शक आणि कडक झाला असेल तरी आतल्यासाठी आणखी काही तास थांबावे.

या दोन दिवसांत दाराचे काय? दादींच्या घरी दार उघडेच, खाली आधार देऊन, मधल्या आणि खालच्या बिजागरीवर ठेवले. शिवाय दाराच्या मुठीला दोरी बांधून ती पलंगाच्या पायाला अडकवली, म्हणजे वाऱ्याने ते आपटणार नाही. दाराला जाड पडदा लावला. घरात पाहुणे असतील, किंवा ते दार न्हाणीघराचे असेल, तर कामाचा दिवस ठरवताना याचा विचार आधी करावा. गोंद ओला असताना "जरा लावून पाहू" म्हणून स्क्रू फिरवला तर सगळी मेहनत वाया जाते. खुंटी स्क्रूबरोबर गोल फिरते, आणि फिरलेली खुंटी पुन्हा चिकटत नाही. ती ड्रिलने काढून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

स्क्रू परत बसवताना

तिसऱ्या दिवशी बाहेर आलेल्या खुंट्या हेक्सॉ पात्याने कापल्या आणि पटाशीने बिजागरीच्या घराशी समतल केल्या. बोट फिरवल्यावर उंचवटा लागता कामा नये. अर्धा मिलिमीटर जरी वर राहिला तरी पट्टी पूर्ण टेकत नाही, आणि स्क्रू आवळताना सगळा जोर पट्टी वाकवण्यात जातो.

पट्टी जागेवर ठेवून छिद्रांचे मध्य पुन्हा खुणावले आणि ३ मिलिमीटरच्या बिटाने भोके पाडली. ८ नंबरचा स्क्रू सुमारे ४ मिलिमीटर जाड असतो. बिट योग्य आहे का हे पाहायची सोपी रीत अशी. बिट स्क्रूच्या पुढे धरून उजेडात पाहावे. स्क्रूचा मधला दांडा बिटामागे झाकला गेला आणि दोन्ही बाजूंना फक्त आट्या दिसल्या, तर बिट बरोबर. हे भोक न पाडता स्क्रू थेट घुसवला तर खुंटी फाटते.

इथे खुंटीची एक मर्यादा समजून घ्यायला हवी. चौकटीच्या लाकडाचे तंतू वरून खाली जातात, म्हणून मूळ स्क्रू त्यांच्या आडवा जात होता आणि आट्या तंतू कापत त्यांत रुतत होत्या. खुंटीचे तंतू मात्र खुंटीच्या लांबीने, म्हणजे स्क्रूच्याच दिशेने असतात. अशा लाकडात आट्यांची पकड थोडी कमी असते, कारण त्या तंतूंच्या मध्ये शिरतात, त्यांना आडव्या छेदत नाहीत. म्हणून आम्ही स्क्रू आधीपेक्षा लांब घ्यायला सांगतो. दादींच्या दाराला आधी ३० मिलिमीटरचे स्क्रू होते, आता ४० मिलिमीटरचे घेतले. बत्तीस मिलिमीटरची खुंटी पार करून त्यांचे टोक पुढच्या अस्पर्श सागात सात-आठ मिलिमीटर रुतते, आणि मागे भिंतीपर्यंत तरी अजून जागा उरते. बारीक भोकही ४० मिलिमीटर खोल पाडले, म्हणजे टोक वाटेत अडत नाही.

दाराच्या कडेतले भोक भरायचे असेल तर मात्र ही सवलत कमी आहे. फ्लश दाराच्या कडेला आत भरीव लाकडाची पट्टी असते, बहुधा दीड ते दोन इंच रुंद. त्यापलीकडे गेले की पट्टी संपते. तिथे खुंटी ३० मिलिमीटर आणि स्क्रू ३५ मिलिमीटर एवढेच ठेवावे. शिवाय दार साधारण ३० मिलिमीटरच जाड असते, म्हणून १० मिलिमीटरचे भोक बरोबर मध्यावर पडले पाहिजे. एका बाजूला सरकले तर दाराची पातळ कातडी फुगते.

स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती किंवा कपडे धुण्याचा साबण घासला, म्हणजे तो कमी जोरात जातो. सुरुवात ड्रिलने केली तरी शेवटचे चार-पाच फेरे हातानेच द्यावे. यंत्राला स्क्रू टेकल्याचे कळत नाही, ते आणखी अर्धा फेरा मारते, आणि एवढ्याने नव्या भोकाचे तंतू पुन्हा कुसकरतात. स्क्रूचे डोके पट्टीच्या खळग्यात बसले, हाताला घट्टपणा जाणवला, की थांबावे. चारही स्क्रू आधी थोडे थोडे बसवून मग आळीपाळीने आवळावे.

मग दाराखालची चळत काढली. दार किंचितही खाली उतरले नाही. वरची आणि मुठीकडची फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसते का, हे पाहिले. बंद करताना ते कुठे टेकत नाही, हेही पाहिले. या घरी दारामागच्या तीन दप्तरांची जागा भिंतीवरच्या खुंट्यांवर गेली, आणि बिजागरीकडच्या फटीजवळ चपला ठेवायच्या नाहीत असे मुलांना सांगितले.

जिथे ही पद्धत चालत नाही

नव्या इमारतींत न्हाणीघराला ग्रॅनाइटची किंवा लोखंडी चौकट असते, तिथे खुंटीचा प्रश्नच नाही. स्वयंपाकघरातल्या तयार कपाटांच्या फळ्या बऱ्याचदा भुशाच्या दाबलेल्या असतात. त्यांत खुंटी लावता येते, पण फळी १८ मिलिमीटर जाड असते, म्हणून भोक १२ मिलिमीटरवर थांबवावे, नाहीतर बिट दर्शनी बाजूने बाहेर येते. ८ मिलिमीटरची खुंटी पुरते. सिंकखालची फळी पाण्याने फुगून पावासारखी झाली असेल तर मात्र ती भरू नये. तिथले लाकूडच सुटलेले असते, गोंद धरणार कशाला? अशा वेळी बिजागरी दोन-तीन इंच वर किंवा खाली, कोरड्या जागी सरकवावी, किंवा फळी बदलावी.

दुरुस्तीनंतर महिन्याने एकदा त्या बिजागरीचे स्क्रू हाताने तपासून पाहावे. पाव फेरा फिरला आणि घट्ट झाला तर चिंता नाही. पट्टी नव्या जागी दबून बसली, एवढेच. पुन्हा नुसताच फिरू लागला, तर खुंटीला दोष देण्याआधी दार कुठे टेकते ते आणखी एकदा पाहावे. दारावरची ओढ तशीच राहिली असेल, तर तिसरी खुंटीही पहिल्या दोघींच्याच वाटेने जाईल.